बर्फ कोणत्या ध्रुवाचा?



पडद्यावर दोन छायाचित्रे आहेत. दोन्हींत तपकिरी, दगडगोट्यांची उघडी जमीन आहे, मागे हिमनदीची पांढरी कड आहे, पुढे एक लहानसे तळे आहे आणि जाड जॅकेट घातलेला एकेक माणूस उभा आहे. अस्वल नाही, पेंग्विनही नाही. एक छायाचित्र उत्तर ध्रुवाकडच्या स्वालबार्ड बेटांवरचे आहे. तिथे नी-ऑलेसुंद गावात २००८ पासून भारताचे ‘हिमाद्री’ हे संशोधन केंद्र चालते. दुसरे अंटार्क्टिकातल्या ‘मैत्री’ या भारतीय केंद्राजवळचे आहे. मैत्री १९८९ पासून उभे आहे. या दोन्ही ठिकाणी जाणाऱ्या मोहिमांची तयारी गोव्यात, वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय संशोधन केंद्रात होते. हवामान खात्याची आणि पनवेलच्या भूचुंबकत्व संस्थेची माणसे अनेक वर्षे मैत्रीवर जात आली आहेत. त्यामुळे अशी छायाचित्रे आता मराठी घरांतल्या फोनवरही येतात. ती पुढे जात राहतात आणि त्यांची मूळ ओळ मागे राहते. मग मैत्रीचे चित्र उत्तर ध्रुवाच्या नावाने छापले जाते आणि स्वालबार्डचे दक्षिणेच्या.

आज एवढाच प्रश्न घेऊ. चित्राखालची ओळ हरवली, तर चित्रातूनच ध्रुव ओळखता येतो का? बऱ्याचदा येतो. पण त्यासाठी प्रत्येक खुणेला एक प्रश्न विचारावा लागतो: ही खूण दुसऱ्या ध्रुवावरही सापडू शकते का? हो असेल, तर ती खूण बाजूला ठेवायची, मग ती कितीही देखणी असो.

आधी जमीन बघू. मैत्री बर्फावर नाही, खडकावर आहे. शिर्माकर ओअॅसिस नावाचा सुमारे ३५ चौरस किलोमीटरचा हा उघडा टापू आहे. दक्षिणेला खंडावरचा प्रचंड बर्फ आणि उत्तरेला समुद्रावर तरंगणारा जाड बर्फाचा तक्ता, म्हणजे आइस शेल्फ, आणि मधे ठेंगण्या टेकड्या. या टेकड्यांत शंभराहून जास्त तळी आहेत. मैत्रीसमोरच्या प्रियदर्शिनी तळ्यातून केंद्राला पाणी मिळते. डिसेंबर-जानेवारीत इथली जमीन इतकी कोरडी आणि उघडी दिसते, की अंटार्क्टिका म्हणजे सगळा पांढरा शुभ्र प्रदेश असे मानणारा माणूस हे चित्र हटकून उत्तरेचे ठरवतो.

म्हणून चित्र मोठे करून पायाजवळची जमीन बघावी. स्वालबार्डमध्ये उन्हाळ्यात दगडांच्या फटींतून बहुधा हिरवे काहीतरी दिसते. तिथे ध्रुवीय विलो आहे. तो खरे तर झाडच आहे, पण काही सेंटिमीटरच्या वर उठत नाही; खोड मातीत आणि वर फक्त गोल पाने. जांभळी सॅक्सिफ्राज फुलते, ओलसर जागी पांढऱ्या बोंडांचे कापूसगवत डोलते. फुलणाऱ्या आणि पानांच्या वनस्पतींच्या दीडशेहून जास्त जाती या बेटांवर आहेत. अंटार्क्टिकाच्या सगळ्या खंडावर फुलणाऱ्या मूळच्या वनस्पती फक्त दोन, आणि त्याही पश्चिमेकडच्या द्वीपकल्पावर. मैत्रीच्या बाजूला एकही नाही. तिथे शेवाळ आहे, दगडफूल आहे, पाण्यात हिरवे-काळे थर आहेत. म्हणून चित्रात एक जरी खरे पान किंवा फूल दिसले, तर आपण मैत्रीच्या बाजूला नाही हे ठरते. उलट बाजूने मात्र निष्कर्ष काढता येत नाही. स्वालबार्डच्याही ईशान्येकडच्या बेटांवर मैलोन् मैल पान दिसत नाही. पान असले तर पुरावा मिळतो. नसले तर काहीच सिद्ध होत नाही.

शेवाळ आणि नारिंगी दगडफूल यांनी पुष्कळ जण फसतात. हिरवी चादर दिसली की तिला टुंड्रा म्हणतात. पण ही दोन्ही दोन्हीकडे वाढतात. दगडांची नैसर्गिक वर्तुळे आणि बहुकोन यांचेही तसेच. जमीन पुन्हा पुन्हा गोठते, वितळते आणि त्या उलाढालीत मोठे दगड कडेला सरकतात. नी-ऑलेसुंदजवळ या वर्तुळांचे अप्रतिम नमुने आहेत, पण तडे जाऊन झालेले बहुकोन अंटार्क्टिकाच्या कोरड्या दऱ्यांतही आहेत.

जमिनीची माझ्या मते सर्वांत भरवशाची खूण पाण्यात असते. नी-ऑलेसुंदसमोरच्या काँग्सफ्योर्ड या खाडीत हिमनद्या उतरतात. उन्हाळ्यात त्यांच्या तळातून वितळलेले पाणी गाळ घेऊन बाहेर पडते आणि हिमनदीच्या तोंडाशी समुद्र लालसर तपकिरी होतो, कारण मागचे डोंगर लाल वालुकाश्माचे आहेत. पुरात भीमेचे पाणी जसे गढूळ होते तसे ते दिसते. पूर्व अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यावर हिमनदीच्या तोंडाशी असा गढूळ पट्टा सहसा नसतो. वितळणे कमी आणि बर्फाचा तळ समुद्रात खोल. स्वालबार्डच्या किनाऱ्यावर आणखी एक गोष्ट दिसते. जिथे एकही मोठे झाड नाही, तिथे वाळूवर जाड जाड लाकडाचे ओंडके पडलेले असतात. सायबेरियाच्या नद्यांतून ते समुद्रात येतात, गोठलेल्या बर्फासोबत वाहत वाहत इथे लागतात. पांढऱ्या पडलेल्या ओंडक्यांची रांग किनाऱ्यावर दिसली, की मी उत्तरेकडे झुकतो. शेजारी रेनडिअरचे गळून पडलेले शिंग असेल, तर प्रश्न जवळपास संपतोच.

‘जवळपास’ म्हणालो, कारण दक्षिण गोलार्धातही रेनडिअर होते. दक्षिण अटलांटिकमधल्या साउथ जॉर्जिया बेटावर नॉर्वेच्या देवमासे शिकाऱ्यांनी १९११ मध्ये ते नेऊन सोडले. शंभर वर्षे ते तिथे राहिले आणि २०१३-१४ च्या सुमारास मोहीम काढून त्यांना हटवण्यात आले. त्या काळातल्या चित्रांत रेनडिअर आणि किंग पेंग्विन एकाच गवतात उभे दिसतात. ती चित्रे खरी आहेत, कोणी जोडलेली नाहीत.

प्राण्यांकडे आलोच आहोत. पांढरे अस्वल, वालरस, रेनडिअर उत्तरेचे, पेंग्विन दक्षिणेचे, हे शाळेतल्या मुलालाही येते. पण मैत्री आइस शेल्फच्या कडेपासून सुमारे शंभर किलोमीटर आत आहे आणि तिथल्या बहुतेक चित्रांत पेंग्विन नसतोच. तिथे दिसतो तो तपकिरी, दणकट स्कुआ पक्षी. स्कुआच्या जाती दोन्ही ध्रुवांकडे आहेत, तेव्हा चित्र अगदी स्पष्ट नसेल तर तो उपयोगाचा नाही. लांबून काळे-पांढरे, उभे पक्षी कड्यावर दाटीने बसलेले दिसले म्हणून पेंग्विन म्हणू नये. उत्तरेकडे ऑक कुळातले पक्षी अगदी तसे दिसतात. त्यातला एक जरी हवेत उडताना चित्रात आला, तर पेंग्विन बाद.

सुरय पक्ष्याची गोष्ट याहून सुंदर आहे. भीमेवर आणि उजनीच्या फुगवट्यावर नदी सुरय तुम्ही पाहिला असेल. त्याचा भाऊबंद आर्क्टिक सुरय उत्तरेत अंडी घालतो आणि आपल्या हिवाळ्यात अंटार्क्टिकाच्या बर्फाळ समुद्रापर्यंत जातो. म्हणजे तो दोन्हीकडच्या चित्रांत येऊ शकतो. पण तिकडे जाईपर्यंत त्याचा पेहराव बदललेला असतो. कपाळ पांढरे होते, चोच काळी पडते. अंटार्क्टिक सुरय मात्र डिसेंबरमध्ये विणीच्या ऐन पेहरावात असतो: डोक्यावर पूर्ण काळी टोपी आणि लालभडक चोच. चित्र डिसेंबरचे आहे एवढे कळले, तर चोच बघून तो कोणता सुरय हे सांगता येते. तारीख कळली नाही, तर काळी टोपी आणि लाल चोच दोघांचीही असू शकते.

आणि आपल्या दारातला पुरावा. भिगवणच्या चिखलात हिवाळ्यात इवलासा छोटा टिलवा, पक्षी पाहणाऱ्यांचा लिटल स्टिंट, झपझप चोच मारत फिरतो. जूनमध्ये तो सायबेरियाच्या टुंड्रात घरटे करून असतो. असे चिखलपायी पक्षी टुंड्रात मोठ्या संख्येने अंडी घालतात. स्वालबार्डमध्ये त्यांच्यातल्या वेगळ्या जाती आहेत. अंटार्क्टिकाच्या खंडावर यांच्यातला एकही घरटे करत नाही. म्हणून शेवाळावर उभा असलेला, लांब चोचीचा, ठिपक्याठिपक्यांच्या पाठीचा चिमुकला पक्षी दिसला, तर मी हिमनदीकडे बघतसुद्धा नाही, चित्र उत्तरेचे.

सील दोन्हीकडे आहेत, पण त्यांचे वागणे निराळे आहे. उत्तरेत सीलला अस्वलाची भीती असते. बर्फातल्या श्वासाच्या भोकाला चिकटून तो एकटा पडतो आणि दर थोड्या वेळाने मान वर करून चारी बाजू बघतो. अंटार्क्टिकात जमिनीवरून येणारा शिकारी नाहीच. वेडेल सील बर्फावर पाय पसरून झोपतो आणि माणूस जवळून गेला तरी बहुधा एक डोळा उघडून परत मिटतो. माणसांच्याही बाबतीत हेच. स्वालबार्डमध्ये वस्तीबाहेर पडताना अस्वलापासून बचावाची साधने सोबत ठेवावी लागतात. म्हणून संशोधकांच्या खांद्याला रायफल लटकलेली असते आणि कमरेला सिग्नल पिस्तूल. अंटार्क्टिकात कोणी संशोधक रायफल घेऊन खडक फोडायला जात नाही. कुत्र्यांचेही असेच. पर्यावरणाच्या करारानुसार एप्रिल १९९४ नंतर अंटार्क्टिकात कुत्री ठेवायला बंदी आहे. आजच्या रंगीत चित्रात घसरगाडीला कुत्री जुंपलेली दिसली, तर ती उत्तरेची. शंभर वर्षांपूर्वीच्या कृष्णधवल चित्राला मात्र हा नियम लावू नका; अमुंडसेन १९११ मध्ये दक्षिण ध्रुवावर कुत्र्यांच्या जोरावरच पोहोचला होता.

आता प्रकाश. ही खूण लोकांना अवघड वाटते. पण ती समजून घेण्यासाठी आपल्या दौंडइतके चांगले ठिकाण मिळणार नाही.

शिरूर-दौंडवर मेच्या मध्याच्या सुमारास भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. शून्य सावलीचा दिवस तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. त्यानंतर जुलैच्या शेवटापर्यंत दुपारचा सूर्य आपल्या डोक्याच्या उत्तरेकडून जातो. २१ जूनला दौंडमध्ये एक मीटर काठीची दुपारची सावली साडेआठ सेंटिमीटरच्या आसपास असते आणि ती दक्षिणेकडे पडते. आता सावलीच्या टोकावर खडू ठेवा. वर्षभर बाकीच्या महिन्यांत दुपारी ते टोक घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरते: पश्चिमेकडून उत्तरेकडे, मग पूर्वेकडे. या दोन-अडीच महिन्यांत मात्र ते पश्चिमेकडून दक्षिणेकडे आणि मग पूर्वेकडे जाते, म्हणजे काट्यांच्या उलटे. जूनमध्ये ढग आडवे येतात, म्हणून मेचा शेवटचा आठवडा घ्या. आपला भाग पर्जन्यछायेचा असल्याने तेव्हा ऊन मिळते. सावली तोकडी असेल, पण दिशा कळते.

ध्रुवाकडे गेलो की हाच भेद कायमचा होतो. स्वालबार्डला सावली नेहमी काट्यांप्रमाणे फिरते, मैत्रीला नेहमी उलटी. एका चित्रावरून फिरणे दिसत नाही. पण माणसे एकाच जागी उभी राहून दोन-चार चित्रे काढतात आणि तिथे उत्तर मिळते. ध्रुवाजवळ सूर्य क्षितिजाला समांतर असा तासाला साधारण पंधरा अंश सरकतो. दहा मिनिटांत अडीच अंश. दोन मीटर सावली असेल, तर टोक नऊ सेंटिमीटरच्या आसपास हलते. एवढे दगडगोट्यांवर सहज दिसते.

आता तिसरे चित्र बघा. याची ओळ मी मुद्दाम काढून टाकली आहे. पाच जण, मध्ये झेंड्याचा खांब, मागे बर्फाची कड. पायाजवळ पान नाही, पण तेवढ्याने काही ठरत नाही. खडक करड्या पट्ट्यांचा नाइस, स्वच्छ तळे, कोणाच्याही खांद्याला रायफल नाही. अंदाज दक्षिणेचा, पण पुरावा नाही. खांबाची सावली कॅमेऱ्यापासून दूर, मागे पडली आहे. दहा मिनिटांनंतरच्या दुसऱ्या चित्रात तिचे टोक डावीकडे सरकले आहे. खांबाच्या वरून बघितल्याची कल्पना करा: सावली काट्यांच्या उलट गेली. म्हणजे दक्षिण. इथे दोन चुका होतात. सावली कॅमेऱ्याकडे येत असेल, तर टोक चित्रात नेमके उलट बाजूला सरकताना दिसते. म्हणून डावे-उजवे न बघता नेहमी वरून विचार करायचा. आणि चित्र आरशासारखे उलटे झालेले असेल, जसे काही फोनचे सेल्फी असतात, तर सगळा निकाल फिरतो. म्हणून आधी जॅकेटवरची अक्षरे वाचावीत. या चित्रात ती सरळ आहेत.

सावलीच्या लांबीचाही उपयोग होतो, थोडा. नी-ऑलेसुंद ७८ अंश ५५ मिनिटे उत्तर अक्षांशावर आहे. तिथे वर्षातला सर्वांत उंच सूर्य साडेचौतीस अंशांच्या वर जात नाही, म्हणजे सपाट जमिनीवर माणसाची सावली कधीच त्याच्या उंचीच्या १.४ पटीपेक्षा लहान होत नाही. मैत्री सुमारे पावणेएकाहत्तर अंश दक्षिणेला. तिथे डिसेंबरच्या दुपारी सूर्य जवळपास पावणेत्रेचाळीस अंशांवर येतो आणि सावली जेमतेम उंचीएवढी होते. तेव्हा तिसऱ्या चित्रातल्या पाच जणांच्या, उंचीएवढ्याच सावल्या नी-ऑलेसुंद बाद करतात. पण उत्तर नॉर्वे, आइसलंड, ग्रीनलंडचा दक्षिण भाग बाद होत नाहीत. जमीन उतरती असेल तर लांबी फसवते. दिशा उताराने फसत नाही.

तारीख असेल तर काम सोपे होते. डिसेंबरमध्ये ऊन असलेले चित्र स्वालबार्डचे असूच शकत नाही. तिथे ऑक्टोबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवतच नाही. कॅमेऱ्याच्या वेळेकडून मात्र फारशी अपेक्षा ठेवू नका. हिमाद्री आणि मैत्री ही दोन्ही केंद्रे योगायोगाने जवळपास एकाच रेखावृत्तावर आहेत, पूर्वेला बारा अंशांच्या आसपास. कॅमेरा भारतीय वेळेवरच राहिला असेल, तर दोन्हीकडची खरी दुपार त्यात साधारण पावणेपाचला दिसेल. घड्याळ दोघांना वेगळे करत नाही, दिनदर्शिका करते.

रात्रीच्या चित्रांत हिरवा ध्रुवीय प्रकाश दिसला की लोक लगेच उत्तर ध्रुव म्हणतात. तो मैत्रीवरही तसाच झळकतो. त्या हिरव्या पडद्याच्या मागचे तारे बघावेत. आपल्याकडे हिवाळ्यात दक्षिणेला खालच्या बाजूला अगस्त्य चमकतो. दौंडहून तो फार तर एकोणीस अंश वर येतो. मैत्रीवर तो कधी मावळत नाही आणि बहात्तर अंशांपर्यंत चढतो. स्वालबार्डच्या आकाशात तो येतच नाही. व्याधही तिथे क्षितिजाखालीच राहतो. हिरव्या प्रकाशात अगस्त्य किंवा व्याध ओळखता आला, तर स्वालबार्ड नाही हे नक्की. ध्रुवतारा ओळखता आला, तर दक्षिण नाही हे तेवढेच नक्की.

शेवटी खुद्द बर्फ. समुद्रात तरंगणारा, टेबलासारखा सपाट माथ्याचा, उभ्या भिंतींचा आणि किलोमीटरभर लांब हिमनग बहुतेक वेळा अंटार्क्टिकाचा असतो, कारण तो आइस शेल्फच्या कडेने तुटतो. उत्तरेचे हिमनग बहुधा वेडेवाकडे, टोकदार असतात. तरीही २०१० मध्ये ग्रीनलंडच्या पेटरमान हिमनदीतून अडीचशे चौरस किलोमीटरच्या आसपासचा सपाट तुकडा सुटला होता. म्हणून आकाराने झुकता कौल मिळतो, निकाल नाही. आणि बर्फ जवळून घेतलेला असेल, नुसती निळी भिंत, बुडबुड्यांचे पट्टे आणि आतली भेग, तर कोणतीच खूण चालत नाही. दाबाने हवा निघून गेलेला बर्फ दोन्ही ध्रुवांवर सारखाच निळा असतो, आणि हिमालयातही. पडद्यावरचे हे चौथे चित्र तशा भिंतीचे आहे. सोबत तारीख नाही, सावली नाही, खडक नाही. याच्याखाली मी ‘ठिकाण ठरवता येत नाही’ एवढेच छापायला दिले आहे.